कोटेशनच्या तळाच्या ओळी

ऑफिसच्या फर्निचरचं कोटेशन आता बहुतेक वेळा मोबाइलवर फोटो होऊन येतं. विक्रेत्याने छापलेला कागद काउंटरवर ठेवलेला असतो. चौकशीला गेलेला माणूस त्याचा फोटो काढतो आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाकतो. मग तिघं-चौघं तो फोटो बोटांनी मोठा करून सगळ्यात खालचा आकडा शोधतात. दुसऱ्या विक्रेत्याच्या फोटोतही तेच होतं, आणि ज्याचा आकडा कमी त्याला ऑर्डर जाते. खरी किंमत मात्र त्या आकड्याच्या खाली, बारीक अक्षरांत किंवा कागदाच्या पाठीमागे लिहिलेली असते. ती वाचायची कशी, हे एका नमुना प्रकरणावरून पाहू. यातले आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून बेतलेले आहेत. अटींची भाषा मात्र बाजारात रोज वाचायला मिळते तीच आहे.

पुण्याच्या पेठेतल्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, बारा माणसांचं करसल्लागाराचं कार्यालय थाटायचं आहे. इमारतीला लिफ्ट नाही. बारा वर्कस्टेशन, बारा खुर्च्या आणि प्रत्येकाच्या टेबलाखाली सरकता तीन खणांचा पेडेस्टल, एवढंच सामान हवं आहे. दोन विक्रेत्यांच्या कोटेशनचे फोटो आले. पहिल्याचा शेवटचा आकडा २,३४,००० रुपये, दुसऱ्याचा ३,०४,४४०. फरक ७०,४४० रुपयांचा. वरवर पाहिलं तर विचार करण्यासारखं काही उरतच नाही.

आधी फोटो तपासा

फोटोतला कागद वाचताना पहिली भीती असते ती आकडा चुकीचा वाचला जाण्याची. पहिल्या विक्रेत्याचा कागद मधोमध घडी घातलेला होता आणि घडीची सावली नेमकी वर्कस्टेशनच्या दरावर पडली होती. दर ११,८०० आहे की १७,८००, ते नुसतं पाहून कळत नव्हतं. अशा वेळी डोळे ताणण्यापेक्षा गुणाकार करावा. त्याच ओळीत उजवीकडे रक्कम स्पष्ट दिसत होती: १,४१,६००. बारा गुणिले ११,८०० केलं की बरोबर तेवढेच येतात, बारा गुणिले १७,८०० केलं तर २,१३,६०० येतात. दर ११,८०० हे पक्कं झालं.

हाच गुणाकार प्रत्येक ओळीचा करावा. फोटो तिरका काढलेला असला की उजवीकडचे आकडे एक ओळ वर किंवा खाली सरकल्यासारखे दिसतात आणि खुर्चीचा दर पेडेस्टलच्या नावावर वाचला जातो. नग गुणिले दर बरोबर रक्कम हे प्रत्येक ओळीत जुळलं आणि सगळ्या रकमांची बेरीज तळाच्या आकड्याशी जुळली, म्हणजे आपण कागद बरोबर वाचला. पहिल्या कोटेशनमध्ये वर्कस्टेशनचे १,४१,६००, बारा खुर्च्यांचे ४,५०० प्रमाणे ५४,००० आणि बारा पेडेस्टलचे ३,२०० प्रमाणे ३८,४०० होते. बेरीज २,३४,०००. वाचन बरोबर होतं.

दुसरी तपासणी कडांची. फोटोत कागदाचे चारही कोपरे दिसायला हवेत. पहिल्या फोटोत खालची कड कापली गेली होती. शेवटी अर्ध्या ओळीत ‘एक्स्ट्रा ॲज ॲप्लिकेबल’ एवढीच अक्षरं आली होती आणि उजव्या कोपऱ्यात ‘पी.टी.ओ.’ असं छापलेलं दिसत होतं. याचा अर्थ अटी पाठीमागे आहेत आणि त्या आपल्याकडे आलेल्याच नाहीत. असा फोटो आला की तुलना तिथेच थांबवावी आणि विक्रेत्याकडून मूळ पीडीएफ मागवावी. ती नसेल तर दोन्ही बाजूंचे फोटो व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावेत. नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो आणि बारीक छापाची अक्षरं त्यातच फुटतात. कोटेशनचा नंबर, तारीख आणि मुदतही फोटोत दिसली पाहिजे. पहिल्याने सात दिवसांची मुदत दिली होती, दुसऱ्याने तीस. सात दिवस उलटल्यावर तोच दर द्यायला पहिला विक्रेता बांधील राहत नाही.

वस्तू एकच आहे का?

दुसऱ्या कोटेशनमध्ये दोनच ओळी होत्या. पेडेस्टलसह वर्कस्टेशन १६,४०० रुपये आणि खुर्ची ५,१०० रुपये. पेडेस्टलची वेगळी ओळ नसल्यामुळे वर्कस्टेशन फार महाग वाटत होतं. पण पहिल्याचे ११,८०० आणि ३,२०० एकत्र केले तर १५,००० होतात. म्हणजे एका जागेमागे खरा फरक १,४०० रुपयांचा आहे.

हे १,४०० रुपये कशाचे, ते वर्णनाच्या रकान्यात होतं. दुसऱ्याने लिहिलं होतं: १२०० बाय ६०० मिलिमीटर, २५ मिलिमीटर प्री-लॅम टॉप, २ मिलिमीटर पीव्हीसी एज-बँड. पहिल्याने लिहिलं होतं: ‘वर्कस्टेशन ४ फूट, प्री-लॅम’. विचारल्यावर कळलं की टॉप १८ मिलिमीटरचा आहे आणि एज-बँड ०.८ मिलिमीटरचा. चार फूट लांबीच्या टेबलावर मॉनिटर आणि फायलींचे गठ्ठे रोज राहणार असतील, तर पातळ फळीला खालून चांगला आधार नसेल तर ती मधे झुकायची शक्यता जास्त. एज-बँड म्हणजे फळीच्या कापलेल्या कडेवर चिकटवलेली पट्टी. ती पातळ असली की खुर्चीच्या हाताचे धक्के बसून लवकर उखडते आणि ओल्या फडक्याचं पाणी कडेतून आत जाऊन फळी फुगते. खुर्चीचंही तसंच. दुसऱ्याने मॉडेलचा क्रमांक आणि तीन वर्षांची वॉरंटी लिहिली होती. पहिल्याने ‘मेश बॅक खुर्ची’ एवढंच लिहिलं होतं, आणि त्याची वॉरंटी एक वर्षाची निघाली. वॉरंटीत गॅस लिफ्ट, मेकॅनिझम आणि चाकं धरलेली आहेत का, हेही विचारावं, कारण खुर्चीचे हेच भाग आधी झिजतात.

‘एक्स्ट्रा’ या शब्दाचे पैसे

पाठीमागची बाजू आल्यावर पहिल्या विक्रेत्याच्या अटी वाचता आल्या. ‘दर एक्स-फॅक्टरी. जीएसटी एक्स्ट्रा. पॅकिंग, ट्रान्सपोर्ट व इन्स्टॉलेशन ॲट ॲक्चुअल्स. अनलोडिंग क्लायंट स्कोप.’ दुसऱ्याच्या तळाशी होतं: ‘दर एफ.ओ.आर. साइट, इन्स्टॉलेशनसह. जीएसटी १८ टक्के समाविष्ट. लिफ्ट नसल्यास वरच्या मजल्यावर माल नेण्याचे चार्जेस वेगळे.’ छुपा खर्च दोन्हीकडे होता. फक्त त्याचं वजन वेगळं होतं.

‘ॲट ॲक्चुअल्स’ म्हणजे प्रत्यक्ष येईल तो खर्च. तो किती येणार हे ऑर्डर देईपर्यंत कोणी सांगत नाही, आणि ऑर्डर दिल्यावर आपल्याला दुसरा पर्याय राहत नाही. ‘क्लायंट स्कोप’ म्हणजे ते काम तुमचं तुम्ही बघा. अशा प्रत्येक शब्दाच्या जागी आकडा मागायचा. दोघांनाही एकच निरोप पाठवला की पुरे: ‘नमस्कार साहेब, कोटेशन मिळालं. माल पेठेत दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत लागेल. पॅकिंग, वाहतूक, हमाली, वर चढवणं आणि फिटिंग या सगळ्यांचे आकडे वेगवेगळे कळवा. यात वायरिंग, सॉकेट आणि वायर मॅनेजर धरलंय का, तेही सांगा.’

पहिल्या विक्रेत्याने फोन करून सांगितलं, ‘पॅकिंगचे साडेचार हजार, टेम्पोचे नऊ, फिटिंगचे जागेला सहाशे धरा. उतरवून वर न्यायला माणसं तुम्ही बघा, सहा-एक हजार जातील.’ दुसऱ्याने वर चढवण्याचे एका जागेमागे मजल्याला दोनशे सांगितले. बारा जागा आणि दोन मजले म्हणजे ४,८००. वायरिंग दोघांच्याही दरात नव्हतं, म्हणून ते तुलनेतून बाहेर ठेवलं. फोनवर सांगितलेलं लगेच मेसेज करून परत पाठवावं आणि ‘बरोबर आहे’ असं उत्तर घ्यावं. नाहीतर सहाशेचे आठशे व्हायला वेळ लागत नाही.

हे सगळं एका तक्त्यात आणलं की चित्र असं दिसतं:

| बाब (रुपये) | पहिला | दुसरा |
|---|---|---|
| सामान | २,३४,००० | २,५८,००० |
| पॅकिंग | ४,५०० | दरात |
| वाहतूक | ९,००० | दरात |
| फिटिंग | ७,२०० | दरात |
| वर चढवणं (विक्रेत्याच्या बिलात) | नाही | ४,८०० |
| जीएसटी १८ टक्के | ४५,८४६ | ४७,३०४ |
| हमाली (आपण थेट द्यायची) | ६,००० | नाही |
| जागेवर उभं राहिलेलं फर्निचर | ३,०६,५४६ | ३,१०,१०४ |

सत्तर हजारांचा फरक ३,५५८ रुपयांवर आला. त्यातला सर्वांत मोठा वाटा जीएसटीचा होता. एका कागदावर तो बेरजेत होता, दुसऱ्यावर नव्हता. दुसरं कारण असं की जीएसटी नुसत्या टेबल-खुर्चीवर लागत नाही. पॅकिंग, वाहतूक आणि फिटिंग विक्रेत्याने आपल्या बिलात लावलं की तो खर्चही मालाच्या किमतीत धरला जातो आणि त्यावरही तोच कर लागतो. नऊ हजारांचा टेम्पो त्यामुळे प्रत्यक्षात १०,६२० रुपयांना पडतो.

हमालीचा आकडा अंदाजाचा आहे, आणि वाद बहुधा तिथेच होतात. टेम्पो दारात उभा असताना वाराई ठरवायला गेलं तर मागतील ती रक्कम द्यावी लागते. ज्या भागात १९६९च्या माथाडी कायद्याखाली नोंदलेली टोळी काम करते, तिथे मजुरीवर मंडळाची लेव्हीही येते. म्हणून उतरवण्याची जबाबदारी आपल्याकडे असेल, तर माणसं आणि रक्कम आदल्या दिवशीच ठरवून ठेवावी.

कर परत मिळणार का, हा प्रश्न तक्त्यानंतर येतो. हे कार्यालय जीएसटीत नोंदलेलं आहे, त्यामुळे फर्निचरवर भरलेल्या कराचं क्रेडिट त्याला घेता येतं. तसं असेल तर दोन्हीकडचा जीएसटी वजा करून तुलना करावी. इथे तसं केल्यावर फरक २,१०० रुपयांचा राहतो, क्रम तोच. विक्रेता कंपोझिशन योजनेत असेल तर मात्र तो जीएसटी लावू शकत नाही आणि ‘बिल ऑफ सप्लाय’ देतो. त्याचा दर कमी दिसतो, पण क्रेडिट मिळत नाही. हे फोटोवरूनच तपासता येतं. कोटेशनवरचा पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की नोंदणी चालू आहे का, ती कोणत्या नावाने आहे आणि नियमित आहे की कंपोझिशन, हे दिसतं. क्रमांकाच्या सुरुवातीचे दोन अंक राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७.

माल नेमका कुठे ‘पोचला’?

एक्स-फॅक्टरी आणि एफ.ओ.आर. साइट या दोन शब्दप्रयोगांत वाहतुकीच्या पैशांपेक्षा मोठा फरक आहे. तो जबाबदारीचा. भारतात मालाच्या विक्रीला १९३०चा माल विक्री कायदा लागू होतो. वेगळा करार नसेल तर विक्रेत्याने माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की तो सकृद्दर्शनी ग्राहकाला दिला असंच हा कायदा धरतो. म्हणजे एक्स-फॅक्टरी दरात टेम्पो कारखान्याच्या गेटबाहेर पडला आणि वाटेत चार टेबलांचे कोपरे फुटले, तर ‘आम्ही माल चांगला दिला होता’ असं म्हणायला विक्रेत्याला जागा राहते. एफ.ओ.आर. साइट लिहिलं असेल तर जागेवर पोचेपर्यंत जोखीम त्याची असल्याचं आपल्याला धरून बसता येतं.

माल जागेवर आला की चलनावर सही मागतात. खोक्यात बांधलेला माल न बघता ‘चांगल्या स्थितीत मिळाला’ या छापील ओळीखाली सही करू नये. सहीच्या वर हाताने लिहावं: ‘१२ नग मिळाले, तपासणी बाकी.’ खोकं फाटलेलं दिसलं तर ते चलनावर लिहावं आणि तिथेच फोटो काढावा. कायदा ग्राहकाला माल तपासण्याची वाजवी संधी देतो. ती आपण घेणार आहोत, याची नोंद त्या एका ओळीने होते. मग तपासणीही लांबवू नये. माल बराच काळ काही न बोलता ठेवून घेतला तर तो स्वीकारला असं मानलं जातं.

तारखांचंही तसंच आहे. पहिल्याने लिहिलं होतं: ‘डिलिव्हरी ३ ते ४ आठवडे, ॲडव्हान्स व मंजूर ड्रॉइंग मिळाल्यापासून.’ दुसऱ्याने लिहिलं होतं: ‘पीओच्या तारखेपासून ३० दिवस.’ ऐकायला दोन्ही एकच वाटतात. आता पर्चेस ऑर्डर एक जूनला दिली असं धरा. पहिला विक्रेता माप घेऊन आठ तारखेला ड्रॉइंग पाठवतो. ऑफिसमध्ये लॅमिनेटची शेड ठरून त्यावर सही व्हायला बारा तारीख उजाडते. घड्याळ तिथून सुरू होतं आणि चार आठवडे दहा जुलैला भरतात. दुसऱ्याचे तीस दिवस एक जुलैलाच पूर्ण होतात. नव्या जागेचं भाडं एक जुलैपासून सुरू होणार असेल तर हे नऊ दिवस फुकट जात नाहीत. दुसऱ्याने उशिराबद्दल आठवड्याला अर्धा टक्का, जास्तीत जास्त पाच टक्के कपातही मान्य केली होती. आठवड्याला ती सुमारे तेराशे रुपये होते. रक्कम लहान आहे, पण तारीख चुकली हे त्या अटीमुळे कागदावर सिद्ध होतं.

पैसे कोणत्या टप्प्यावर द्यायचे?

पहिल्या विक्रेत्याची अट होती: ८० टक्के ॲडव्हान्स, उरलेले डिस्पॅचच्या आधी. याचा हिशेब मांडला तर जवळपास तीन लाख रुपये एकही खुर्ची डोळ्यांनी पाहण्याआधी गेलेले असतात. मग एखादा खण अडकला, दोन टेबलांची शेड वेगळी आली किंवा फिटिंगवाले आठ दिवस फिरकले नाहीत, तर फोन करत राहण्यापलीकडे आपल्या हाती काही नसतं. दुसऱ्याने टप्पे दिले होते: ५० टक्के ऑर्डरसोबत, ४० टक्के माल जागेवर आल्यावर, १० टक्के फिटिंग पूर्ण झाल्यावर. शेवटचे १० टक्के म्हणजे सुमारे ३१,००० रुपये. उरलेलं काम पूर्ण करून घ्यायला एवढी रक्कम पुरेशी आहे.

ॲडव्हान्सची टक्केवारी कशावर, हेही विचारायला हवं. काही कोटेशनांत ‘टॅक्स १०० टक्के ॲडव्हान्ससोबत’ असं असतं. नियमित नोंदणी असलेल्या विक्रेत्याला मालाच्या ॲडव्हान्सवर जीएसटी भरावा लागत नाही. ही सवलत नोव्हेंबर २०१७ पासून आहे आणि कर बिल काढताना येतो. त्यामुळे ॲडव्हान्स मूळ रकमेवर घ्या, जीएसटी बिलासोबत देऊ, असं म्हणायला हरकत नाही. ऑर्डर रद्द झाली तर ॲडव्हान्सचं काय, ही ओळही वाचावी. माप घेऊन बनवलेल्या टेबलांचा ॲडव्हान्स विक्रेता परत देणार नाही, हे समजण्यासारखं आहे. तयार खुर्च्यांच्या ॲडव्हान्सलाही तीच अट असेल तर ती बदलून घ्यावी. पैसे फर्मच्या नावाच्या खात्यातच भरावेत आणि ते नाव जीएसटी नोंदणीतल्या नावाशी जुळवून पाहावं.

विक्रेत्याचीही बाजू आहे. प्री-लॅमच्या फळ्या, एज-बँड, हार्डवेअर त्याला रोखीने आणावं लागतं, म्हणून ॲडव्हान्स मागण्यात गैर काही नाही. आणि राखून ठेवलेले १० टक्के काम झाल्यावर तत्परतेने दिलेच पाहिजेत. उत्पादक उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघुउद्योग असेल, तर २००६च्या कायद्याप्रमाणे लेखी करारातही त्याचे पैसे ४५ दिवसांपलीकडे अडवता येत नाहीत. करारच नसेल तर मुदत १५ दिवसांची. त्यापुढे व्याज चढतं.

मग ऑर्डर कोणाला?

तक्त्याप्रमाणे पहिला अजूनही ३,५५८ रुपयांनी स्वस्त होता. पण त्याचा टॉप १८ मिलिमीटरचा होता. म्हणून त्याला शेवटचा प्रश्न विचारला: २५ मिलिमीटर टॉप आणि २ मिलिमीटर एज-बँड द्यायचं झालं तर दर काय? उत्तर आलं, जागेला नऊशे वाढतील. बारा जागांचे १०,८०० आणि त्यावर १८ टक्के मिळून १२,७४४ रुपये. पहिल्याची बेरीज ३,१९,२९० झाली, दुसऱ्यापेक्षा ९,१८६ रुपयांनी जास्त. खुर्चीच्या वॉरंटीतला दोन वर्षांचा फरक त्यात धरलेलाच नाही.

प्रत्येक वेळी महाग दिसणारं कोटेशनच शेवटी परवडतं, असा निष्कर्ष यातून काढू नये. तळमजल्यावर गोडाऊन असेल, स्वतःचा टेम्पो असेल, टेबलावर लॅपटॉपखेरीज काही राहणार नसेल, तर १८ मिलिमीटरचा एक्स-फॅक्टरी माल घेणं शहाणपणाचं ठरू शकतं. तक्ता तोच राहतो, त्यातले आकडे जागेप्रमाणे आणि गरजेप्रमाणे बदलतात. त्यात एखादा रकाना रिकामा राहिला, तर तो भरेपर्यंत ऑर्डर देऊ नये. विक्रेत्याने न लिहिलेला खर्च आपल्याच खात्यावर येतो.

निवड झाल्यावर ‘तुमच्या कोटेशनप्रमाणे’ एवढं लिहून ऑर्डर पाठवू नये. टॉपची जाडी, खुर्चीचं मॉडेल, ‘दुसऱ्या मजल्यावर पोच व फिटिंगसह’, डिलिव्हरीची तारीख, पैशांचे टप्पे आणि ‘याखेरीज कोणताही खर्च देय नाही’ ही ओळ पर्चेस ऑर्डरमध्येच लिहावी. विक्रेत्याने तिच्यावर सही-शिक्का करून प्रत परत पाठवली की मगच ॲडव्हान्स भरावा.